जोखीम उणे कशी निघाली?

शेअर बाजारातल्या तीन कंपन्या घेऊ. त्यांना अ, ब आणि क म्हणू. अ आणि ब यांचे भाव बहुतेक वेळा बरोबरीने चढतात-उतरतात, त्यामुळे त्यांचा सहसंबंध ०.९ आहे. ब आणि क यांचेही तसेच, तिथेही ०.९. अ आणि क यांचे नाते मात्र थोडे सैल, म्हणजे ०.५. सहसंबंध -१ ते १ यांच्या दरम्यान असावा लागतो आणि हे तिन्ही आकडे त्या मर्यादेत आहेत. एकेकटा पाहिला तर कोणत्याही आकड्यावर बोट ठेवता येत नाही.

आता एक गुंतवणूकदार अ चा एक भाग विकत घेतो, क चा एक भाग विकत घेतो आणि ब चे दोन भाग शॉर्ट करतो, म्हणजे उधार घेऊन विकतो. या व्यवहाराची जोखीम किती? हिशेब सोपा राहावा म्हणून तिन्ही शेअर्सची स्वतंत्र जोखीम एकेक मानू. नेहमीचे सूत्र वापरून उत्तर येते -०.२.

जोखीम मोजण्याचे हे माप म्हणजे प्रचरण, ज्याला सगळे व्हेरियन्स म्हणतात. परतावा सरासरीपासून किती दूर गेला, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्या वर्गांची सरासरी काढायची. वर्ग कधी ऋण नसतो, मग वर्गांची सरासरी ऋण कशी निघेल? बेरीज पुन्हा केली तरी -०.२ च येते. गुणाकारात काही चुकलेले नाही. हे तीन आकडे एकाच जगातले असू शकत नाहीत, एवढाच याचा अर्थ. आकड्यांचा हा बेबनाव पैसे गुंतवण्याआधी कसा ओळखायचा, हा या लेखाचा विषय. गणितात त्या तपासणीला मॅट्रिक्स धन-निश्चित आहे का ते पाहणे म्हणतात. इंग्रजी पुस्तकातून शिकलेले लोक पॉझिटिव्ह डेफिनिट म्हणतात.

आधी सूत्र समोर ठेवू. अ, ब, क यांच्यातली गुंतवणूक a, b, c मानली तर जोखीम अशी:

a² + b² + c² + 1.8ab + 1.8bc + ac

प्रत्येक जोडीचा सहसंबंध दुप्पट होऊन येतो, म्हणून ०.९ चे १.८ झाले आणि ०.५ चा एक. यात a = 1, b = -2, c = 1 घाला. वर्गांची बेरीज सहा, जोड्यांची बेरीज -३.६, -३.६ आणि १. एकूण -०.२.

अशा राशीत प्रत्येक पद दुसऱ्या घाताचे असते: कुणाचा तरी वर्ग किंवा कुणा दोघांचा गुणाकार. तिला द्विघाती रूप म्हणतात. तिचे सहगुणक चौकोनात मांडले की मॅट्रिक्स तयार होतो. कर्णावर वर्गांचे सहगुणक, आणि जोडीच्या पदाचा सहगुणक कर्णाच्या दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा. म्हणून हा मॅट्रिक्स नेहमी सममित असतो. सगळी चले शून्य असताना राशी शून्यच होणार. तेवढा एक प्रसंग सोडून चलांना कोणत्याही किमती दिल्या तरी राशी धनच राहत असेल, तर मॅट्रिक्स धन-निश्चित.

इथे फसायला सर्वात सोपी जागा आहे. मॅट्रिक्समधले सगळे आकडे धन आहेत म्हणजे मॅट्रिक्सही धन-निश्चित असणार, असे पुष्कळांना वाटते. x² + 4xy + y² ही राशी पाहा. एकही ऋण चिन्ह नाही. x आणि y दोन्ही एक घेतले तर सहा येतात. पण x = 1, y = -1 घेतल्याबरोबर १ - ४ + १, म्हणजे -२. वर्ग कितीही धन असले तरी मधले 4xy हे पद त्यांना पुरून उरते.

हे आधी कसे कळावे? दहावीच्या बीजगणिताचीच दोन हत्यारे इथे चालतात. पहिले विवेचकाचे. राशीला y² ने भागून x/y ला u म्हटले की u² + 4u + 1 उरते. विवेचक १६ - ४ = १२, धन. म्हणजे वर्गसमीकरणाला दोन वास्तव मुळे आहेत, आणि दोन मुळांच्या मध्ये राशी ऋण होते. विवेचक ऋण असता तर आलेख अक्षाला शिवलाच नसता आणि राशी कायम धन राहिली असती. दुसरे हत्यार पूर्ण वर्ग करण्याचे: x² + 4xy + y² = (x + 2y)² - 3y². वर्गापुढे -३ दिसला की निकाल लागला. पहिला कंस शून्य होईल अशा किमती निवडायच्या, उदाहरणार्थ x = 2, y = -1, की राशी ऋण. याउलट x² + xy + y² ही राशी (x + ½y)² + ¾y² अशी सुटते. दोन्ही वर्गांपुढे धन आकडे आहेत, त्यामुळे ती धन-निश्चित.

माझ्या मते या विषयाचा गाभा याच कृतीत आहे. चले दोन असोत की दोन हजार, राशी वर्गांच्या बेरजेत मोडायची आणि प्रत्येक वर्गापुढचे चिन्ह पाहायचे. आपल्या तीन शेअर्सवर हेच करू. आधी a असलेली सगळी पदे एका वर्गात गोळा करू:

(a + 0.9b + 0.5c)² + 0.19b² + 0.9bc + 0.75c²

आता b ची पदे एका वर्गात घेऊ. 0.19 बाहेर काढला की कंसात b + 2.37c राहते आणि c² साठी उरतो 0.75 - 0.45²/0.19. ही वजाबाकी जवळपास -०.३२ येते. तीन वर्गांपुढचे आकडे झाले १, ०.१९ आणि -०.३२. शेवटचा ऋण आहे, म्हणून मॅट्रिक्स धन-निश्चित नाही.

या आकड्यांना अर्थही आहे. अ ची चाल माहीत असेल तर ब बद्दल जी अनिश्चितता उरते ती ०.१९. अ आणि ब दोघांची चाल माहीत असेल तर क बद्दल उरणारी अनिश्चितता -०.३२. अनिश्चितता फार तर शून्यापर्यंत खाली येईल, त्याखाली जाणार नाही. दोष कोणत्या पायरीवर उघड झाला, हे ही पद्धत आपल्याला दाखवते.

हीच गोष्ट भूमितीतून पाहिली की मनाला लगेच पटते. सहसंबंध म्हणजे दोन दिशांमधल्या कोनाची कोज्या. ०.९ चा कोन सुमारे २६ अंश. अ पासून ब २६ अंशांवर, ब पासून क २६ अंशांवर, तर अ आणि क यांच्यात जास्तीत जास्त ५२ अंशांचे अंतर पडेल. पण ०.५ हा सहसंबंध ६० अंश मागतो. तेवढी जागाच नाही. ५२ अंशांची कोज्या साधारण ०.६२. म्हणजे पहिले दोन सहसंबंध ०.९ असतील तर तिसरा ०.६२ पेक्षा कमी असू शकत नाही. तीन शेअर्सना ही मर्यादा कागदावर काढता येते. पन्नास शेअर्स झाले की जोड्या १,२२५ होतात, आणि तिथे नजरेने काही पकडता येत नाही.

निश्चयक वापरूनही तपासणी होते. तिचे श्रेय जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाच्या नावावर आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची: आधी एकाच घराचा निश्चयक, मग दोन-बाय-दोनचा, मग तीन-बाय-तीनचा. सगळे धन आले तर मॅट्रिक्स धन-निश्चित. आपल्या उदाहरणात ते येतात १, ०.१९ आणि -०.०६. कागदावर ही कसोटी सोयीची आहे, पण तिच्यात एक खाच आहे. राशी ऋण होत नाही, शून्य झाली तरी चालेल, एवढेच तपासायचे असेल तेव्हा विद्यार्थी ‘धन’च्या जागी ‘शून्य किंवा धन’ लिहून पुढे जातात. ते चूक आहे. -y² ही x आणि y मधली राशी घ्या. तिचे दोन्ही निश्चयक शून्य येतात, तरी ती धडधडीत ऋण आहे. शून्य चालणार असेल तर कर्णावरच्या घरांची प्रत्येक निवड घेऊन निश्चयक काढावे लागतात, केवळ कोपऱ्यातले पुरत नाहीत.

तिसरी तपासणी आयगेन मूल्यांची. धन-निश्चित मॅट्रिक्सची सगळी आयगेन मूल्ये धन असतात. आपल्या मॅट्रिक्सची साधारण २.५५, ०.५ आणि -०.०४७ आहेत. दोष किती खोल आहे हे यातून कळते आणि दुरुस्ती करताना त्याचा उपयोग होतो. नुसते हो-नाही हवे असेल तर मात्र एवढा खटाटोप करण्याची गरज नाही.

संगणकावर हो-नाहीसाठी वर्ग पूर्ण करण्याचीच पद्धत वापरतात आणि तिला आन्द्रे-लुई शोलेस्की यांचे नाव आहे. शोलेस्की फ्रेंच सैन्यातले तोफखान्याचे अधिकारी. भूमापनाच्या कामावर असताना मोजमापांतल्या बारीक चुका वाटून देण्यासाठी त्यांना समीकरणांचे मोठे संच हाताने सोडवावे लागत. अशा समीकरणांचा मॅट्रिक्स धन-निश्चित असतो, याचा फायदा घेऊन त्यांनी काम कमी करणारी रीत बसवली. तिचे त्यांच्या हातचे टिपण २ डिसेंबर १९१० चे आहे. ३१ ऑगस्ट १९१८ रोजी ते पहिल्या महायुद्धात मारले गेले आणि त्यांची पद्धत १९२४ मध्ये बनुआ या सहकारी अधिकाऱ्याने छापून आणली. या रीतीत प्रत्येक पायरीवर वर्गापुढच्या आकड्याचे वर्गमूळ घ्यावे लागते. आकडा ऋण निघाला की वर्गमूळ मिळत नाही आणि काम थांबते. ते थांबणे हाच तपासणीचा निकाल. पायथॉनमध्ये आपला मॅट्रिक्स असा घालता येतो:

```
import numpy as np
C = np.array([[1, 0.9, 0.5],
              [0.9, 1, 0.9],
              [0.5, 0.9, 1]])
np.linalg.cholesky(C)
```

उत्तरादाखल `LinAlgError: Matrix is not positive definite` असा संदेश येतो. ५०० शेअर्सचा मॅट्रिक्स असला तरी सुमारे सव्वाचार कोटी आकडेमोडीत हा निकाल लागतो, आणि साध्या लॅपटॉपलाही ते क्षणाचे काम आहे. एक सावधगिरी हवी. हे फंक्शन मॅट्रिक्सचा कर्णाखालचा अर्धाच भाग वाचते. वरच्या अर्ध्यात कुणी चुकून वेगळा आकडा टाकला असेल तर ते बोलणार नाही. सममिती आपणच आधी तपासायची.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: सर्वात कमी जोखमीची गुंतवणूक शोधणे. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये तो नीट मांडला आणि त्या कामासाठी १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एकूण पैसा एक धरायचा, म्हणजे a + b + c = 1, आणि त्या अटीत जोखमीची राशी लघुतम करायची. कोणत्याही फलनाचा तळ शोधताना आधी उतार शून्य असलेली जागा सापडते. पण घाटमाथ्यावरच्या खिंडीतही उतार शून्यच असतो. दोन्हीकडच्या डोंगरांच्या मानाने खिंड खाली असते, आणि वाटेने पुढे गेले की उतरण लागते. तळ कोणता आणि खिंड कोणती हे त्या जागेवरची दुसरी विकलजे सांगतात. ती मांडून होणाऱ्या मॅट्रिक्सला लुडविग ओटो हेसे यांच्या नावावरून हेसियन म्हणतात. तो धन-निश्चित असेल तर तो नक्की तळ. त्याचे द्विघाती रूप एखाद्या दिशेने ऋण होत असेल तर तिथून अजून खाली जाता येते. आणि एखाद्या दिशेने शून्य होऊन बाकी कुठेही ऋण होत नसेल, तर ही कसोटी निकाल देऊ शकत नाही.

आपल्या जोखमीचे फलन मुळातच द्विघाती आहे, त्यामुळे त्याचा हेसियन म्हणजे सहसंबंधांचाच मॅट्रिक्स, फक्त दुप्पट. तो बिघडलेला असला की काय होते ते पाहू. निम्मे पैसे अ मध्ये आणि निम्मे क मध्ये घातले तर जोखीम ०.७५. आता यात मघाचा व्यवहार मिसळू: अ आणि क दोन्ही t ने वाढवायचे, ब 2t ने शॉर्ट करायचा. t + t - 2t शून्य होते, त्यामुळे एकूण पैसा एकच राहतो आणि अट मोडत नाही. जोखीम होते 0.75 - 0.6t - 0.2t². t एक असताना -०.०५. t दहा असताना -२५.२५. t वाढवत जा, जोखीम खाली खालीच जाते. ‘सर्वात कमी’ असे काही उरतच नाही. चांगले सॉफ्टवेअर इथे प्रश्न घ्यायलाच नकार देते, आणि साधे सॉफ्टवेअर अवाढव्य खरेदी-विक्रीचे आकडे छापते. अहवालात अशी भरमसाट शॉर्ट पोझिशन दिसली की सर्वात आधी मॅट्रिक्सवर संशय घ्यावा.

मला जास्त काळजी वाटते ती दोष लपून राहतो त्या प्रसंगाची. शॉर्ट करायला मनाई असेल तर a, b, c कुणीच ऋण होत नाही. आपल्या राशीतली सगळी पदे धन आहेत, त्यामुळे जोखीमही ऋण येत नाही. सॉफ्टवेअर शांतपणे सांगते: अ आणि क मध्ये निम्मे-निम्मे, ब मध्ये काही नको, जोखीम ०.७५. उत्तर अगदी शहाणे दिसते. पण आपण पाहिले की अ आणि क यांचा सहसंबंध ०.६२ पेक्षा कमी असूच शकत नाही, म्हणजे या निम्म्या-निम्म्या वाटणीची खरी जोखीम निदान ०.८१ आहे. हे दोन अशक्य आकड्यांमधले नुसते अंतर नव्हे, गुंतवणूकदाराला मिळालेली खोटी हमी आहे. उत्तर पाहून ती कळत नाही. मॅट्रिक्सची तपासणी वेगळी केली तरच कळते.

असा मॅट्रिक्स तयार होतो तरी कसा? बहुतेक वेळा निरागसपणे. क ही कंपनी बाजारात उशिरा आली असेल, तर अ-ब चा सहसंबंध पाच वर्षांच्या भावांवरून काढला जातो आणि क च्या जोड्यांचा वर्षभराच्या. काही दिवसांचे भाव गहाळ असतात, तेव्हा प्रत्येक जोडीसाठी जे दिवस मिळतील ते घेतले जातात. कधी एखादा अधिकारी ‘अ आणि क यांचे नाते सैल झाले तर काय’ हे पाहण्यासाठी ०.७ च्या जागी हाताने ०.५ टाकतो आणि बाकीचे आकडे तसेच ठेवतो. ०.७ असताना तो मॅट्रिक्स धन-निश्चित होता.

काठावरचा प्रकार वेगळा. वर्षात बाजार साधारण २५० दिवस चालतो. ५०० शेअर्सचा मॅट्रिक्स एकाच वर्षाच्या भावांवरून काढला, तर त्याची निदान २५१ आयगेन मूल्ये शून्य असणारच, मग माहिती कितीही चोख असो. त्या दिशांना जोखीम शून्य दिसते, कारण ती मोजायला पुरेसे दिवसच नव्हते. संगणकाच्या गोळाबेरजेत ही शून्ये कधी किंचित धन, कधी किंचित ऋण होतात, आणि शोलेस्कीची तपासणी नशिबावर पास किंवा नापास होते. अशा वेळी सर्वात लहान आयगेन मूल्य प्रत्यक्ष छापून पाहावे.

दुरुस्तीची एक सोपी रीत म्हणजे कर्णाबाहेरचे सगळे सहसंबंध थोडे आखडते घेणे. आपल्या उदाहरणात पाच टक्के कमी केले की ०.९ चे ०.८५५ आणि ०.५ चे ०.४७५ होतात, आणि मॅट्रिक्स धन-निश्चित होतो. निक हायम या ब्रिटिश गणितज्ञाने २००२ मध्ये याहून नेमकी रीत दिली. दिलेल्या बिघडलेल्या मॅट्रिक्सच्या सर्वात जवळचा, खरोखर शक्य असलेला सहसंबंधांचा मॅट्रिक्स ती शोधून देते. दोन्ही रीती उपयोगी आहेत, पण दोन्हींत तिन्ही आकडे थोडेथोडे बदलतात. चूक एकाच आकड्यात असेल तर तिचा भार चांगल्या आकड्यांवरही पडतो.

म्हणून तपासणी नापास झाली की दुरुस्तीचे बटण दाबण्याआधी मूळ माहितीकडे परत जावे. तिन्ही शेअर्सचे भाव नेमक्या त्याच दिवसांचे घेऊन सहसंबंध काढले, तर जोखीम ही त्या दिवसांच्या परताव्यांवरून काढलेली वर्गांची खरीखुरी सरासरी होते आणि ती ऋण निघूच शकत नाही. तुमच्याकडे असा मॅट्रिक्स आला तर आधी शोलेस्की चालवा, आणि तो अडला तर आकडे देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: कोणत्या तारखांपासून कोणत्या तारखांपर्यंत?